क्रियेविना क्रियाविशेषण

मा. साहेब यांस,

सा. न. वि. वि.

मंगळवारी रात्री १० वाजून ४७ मिनिटांनी अकाउंट्सच्या ग्रुपवर आपला मेसेज आला : ‘शुक्रवारपर्यंत. नक्की.’ आम्हा चौघांचे चार अंगठे दोन मिनिटांत उमटले. आपल्याला वाटलं, सगळ्यांना कळलं. आम्हाला वाटलं, बाकीच्या तिघांना कळलं.

शाळेत व्याकरण शिकवणाऱ्या बाईंची त्या रात्री फार आठवण झाली. मराठी ही उदार भाषा आहे. ती कर्ता गाळू देते, कर्म गाळू देते, प्रसंगी क्रियापदही सोडून देते. पण तिन्ही एकदम गाळून फक्त क्रियाविशेषण पाठवण्याची सोय तिनं केली असेल, असं मला वाटत नव्हतं. आपण ती करून घेतलीत.

शुक्रवारी तारीख होती ११. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांसाठी GSTR-1 ची शेवटची तारीख ११च. मागच्या महिन्याची विक्रीची बिलं त्यात चढली नाहीत, तर १४ तारखेला ग्राहकाच्या GSTR-2B मध्ये ती दिसत नाहीत, त्याचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं आणि आपलं पेमेंट तो अडवून ठेवतो. म्हणून मी बुधवार-गुरुवार बिलं जुळवत बसले. स्टोअर्सच्या भाऊंना खात्री होती की बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंटच असणार. त्यांनी गोडाऊनमध्ये नटबोल्टसुद्धा मोजले. सेल्सवाल्या दादांनी थकबाकीची यादी काढली. नव्या मुलीनं रात्री जागून सगळ्या फायलींना नवी लेबलं लावली. तिला विचारलं तर म्हणाली, ‘काहीतरी केलेलं बरं ना, ताई.’

आपल्याला विचारायचं कोणी? ‘साहेब, काय शुक्रवारपर्यंत?’ असं विचारणं म्हणजे मागच्या मीटिंगमध्ये आपलं लक्ष नव्हतं, हे चारचौघांत कबूल करणं. प्रत्येकजण तिसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

शुक्रवारी साडेपाचला आपण केबिनबाहेर आलात. ‘झालं का?’ चौघेही म्हणालो, ‘हो साहेब.’ ‘मग ऑडिटरला कन्फर्मेशनं गेली ना सगळी?’

तेव्हा उलगडा झाला. ऑडिटरनं निवडलेल्या २५ ग्राहकांची बॅलन्स कन्फर्मेशनं! त्याच्याशी आपलं मंगळवारी रात्री फोनवर बोलणं झालं होतं. आपल्या डोक्यात अख्खं वाक्य तयार होतं. बोटांनी त्याची फक्त शेपटी टाईप केली. बोलणारा जे ऐकून बसलेला असतो, ते ऐकणाऱ्यानंही ऐकलंय असं त्याला वाटतं, एवढंच.

आता माझी खरी तक्रार. साहेब, बिलं जुळवणं माझ्या हातात असतं. गुरुवारी रात्री उशिरापर्यंत बसून ते उरकता येतं. कन्फर्मेशनचं तसं नाही. आधी प्रत्येक पार्टीचं खातं पाहायचं, ३१ मार्चची बाकी लिहून लेटरहेडवर पत्र काढायचं, आपली सही घ्यायची, मग ऑडिटर ते पाठवणार आणि पार्टीनं सही-शिक्का मारून थेट त्यालाच परत करायचं. पार्टीचा अकाउंटंट गावी गेलेला असतो. कोणाच्या पुस्तकात बाकी कमी निघते, कारण खराब मालाची डेबिट नोट त्यानं टाकलेली असते आणि आपण नाही. त्याचा मेळ घालण्यात दोन दिवस जातात. म्हणजे या कामात सगळ्यात मोलाचा दिवस शुक्रवार नव्हताच, बुधवार होता. तो मी बिलांत घालवला आणि भाऊंनी नटबोल्टांत.

तारीख उपयोगी पडते ती मागे मोजण्यासाठी. आजपासून काय सुरू करायचं, आधी कोणाला फोन लावायचा, हे तिच्यावरून ठरतं. काम माहीत नसेल तर किती मागे मोजणार? उरते फक्त धास्ती, आणि ती मात्र प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण येते.

ज्या सरकारी खात्याला आपण रोज नावं ठेवतो, तेसुद्धा फॉर्मचं नाव सांगतं, तारीख सांगतं आणि GSTR-3B उशिरा भरलात तर दिवसाला ५० रुपये पडतील, हेही सांगतं. त्याच्याइतका प्रेमळपणा आपल्याकडून अपेक्षित नाही. एक नाम आणि एक क्रियापद, बस्स. ‘कन्फर्मेशनची पत्रं पाठवा, शुक्रवारपर्यंत उत्तरं हवीत.’ टाईप करायला फार तर दहा सेकंद.

आपली नम्र,
अकाउंट्समधला तिसरा अंगठा

ता. क. काल रात्री आपला मेसेज आला : ‘बुधवारच्या आत.’ या वेळी नव्या मुलीनं धीर करून विचारलं, ‘काय साहेब?’ आपण अंगठा पाठवलात.