स्लाइड क्रमांक एकोणीस

इंजिनिअरिंग कॉलेजात नव्या विषयाच्या पहिल्या तासाला पोरांना दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: सर कडक आहेत का आणि हजेरी तासाच्या सुरुवातीला घेतात की शेवटी. मी वर्गात शिरून खडू कुठे ठेवतो एवढ्यावरून त्यांना दोन्हीची उत्तरं मिळतात. उरलेला सगळा तास मी 'कोर्स इंट्रोडक्शन'ची पीपीटी दाखवतो, ती बघणारा वर्गात एकच माणूस असतो. तो म्हणजे मी.

पण काय पीपीटी आहे! विषय थर्मोडायनॅमिक्स, म्हणून पहिल्याच स्लाइडवर वाफेचं इंजिन डावीकडून धापा टाकत येतं आणि विषयाच्या नावाशी येऊन थांबतं. पूर्वी ते शिट्टीही वाजवायचं. शेजारच्या वर्गात गणित शिकवणाऱ्या मॅडमनी तक्रार केल्यावर शिट्टी काढावी लागली, त्याचं दुःख अजून गेलेलं नाही. दुसऱ्या स्लाइडवर माझा परिचय आहे. पीएच.डी. ठळक अक्षरांत, त्याखाली शोधनिबंध, त्याखाली आजीव सदस्यत्वं आणि उजवीकडे फोटो. फोटो केस असतानाचा आहे. मागे एका मुलीने फार अदबीने विचारलं होतं, "सर, हा विषय आधी हे सर शिकवायचे का?"

परिचयानंतर संस्थेचं व्हिजन, विभागाचं मिशन वगैरे होतं आणि मग माझा सर्वांत लाडका भाग येतो: सीओ-पीओ मॅपिंग.

ज्यांचा इंजिनिअरिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. सीओ म्हणजे कोर्स आउटकम, अर्थात हा विषय शिकून झाल्यावर मुलाला काय करता यायला हवं. पीओ म्हणजे प्रोग्रॅम आउटकम, अर्थात चार वर्षांनी बाहेर पडणारा इंजिनिअर कसा असावा. २०१४ साली भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा पूर्ण सदस्य झाला. एनबीएने मान्यता दिलेली पदवी इतर सदस्य देशांत समकक्ष धरली जावी, असा तो करार. त्यामागचा विचार अगदी रास्त आहे. मास्तरने काय शिकवलं याला महत्त्व नाही, मुलाला काय येतं ते दाखवा. आता हे दाखवायचं कसं, तर तक्ता करून. उभे सहा सीओ, आडवे अकरा पीओ, मिळून सहासष्ट चौकोन. संबंध घट्ट असेल तर ३, मध्यम असेल तर २, जेमतेम असेल तर १ आणि नसेल तर आडवी रेघ.

'अभियांत्रिकी ज्ञान' या पीओसमोर ३ लिहायला कुणीही लिहील. कस लागतो तो पुढे. अकरांमध्ये 'नीतिमत्ता' आहे. एंट्रॉपीचा आणि नीतिमत्तेचा संबंध काय? सामान्य प्राध्यापक इथे रेघ मारतो. मी नाही मारली. मी लिहिलं, की दुसऱ्या नियमानुसार चक्राकार चालणारं कुठलंही इंजिन मिळालेल्या सगळ्या उष्णतेचं काम करू शकत नाही. सबब विद्यार्थी अशा इंजिनाचं आमिष दाखवणाऱ्यांच्या नादी लागणार नाही आणि स्वतःही असं आमिष दाखवणार नाही. नीतिमत्ता १. विभागाच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मी ते कौतुक समजलो. 'सांघिक काम'? प्रॅक्टिकलला चौघे मिळून एक रीडिंग घेतात आणि पंधरा मिनिटांत वर्गभर पोचवतात, याहून मोठा संघ कोणता? त्याला २. आणि 'आजन्म शिक्षण' या पीओसमोर मी डोळे मिटून ३ लिहितो. त्याचा पुरावा जिवंत आहे. दुसऱ्या वर्षाचा थर्मो घेऊन शेवटच्या वर्षापर्यंत चिकाटीने परीक्षा देणारे माझे कितीतरी विद्यार्थी आजही मला दर सत्रात फॉर्म भरताना भेटतात.

या तक्त्याला रंग दिले आहेत. ३ हिरवा, २ पिवळा, १ फिका केशरी. दिवे घालवले की पडद्यावर तो एखाद्या पैठणीच्या पदरासारखा उजळतो. त्याचं निरूपण करण्यात माझी पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. तोवर मागच्या बाकांवर डुलक्या सुरू होतात आणि पुढच्या बाकावरचा एखादा विचारतो, "सर, पीपीटी ग्रुपवर टाकाल ना?" म्हणजे आता बघायची गरज नाही. ग्रुपवर आल्यावर तर ती कधीच उघडायची नसते.

अभ्यासक्रमाची स्लाइड त्यामानाने साधी आहे. सहा युनिटं, प्रत्येकाला सात तास. संदर्भग्रंथांत पी. के. नाग आणि सेंगेल-बोल्स. ही नावं पोरं श्रद्धेने उतरवून घेतात आणि संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात जाऊन तिसरंच, 'लोकल ऑथर'चं पातळ पुस्तक घेऊन येतात.

एवढं सगळं झाल्यावर, बेल व्हायला चार-पाच मिनिटं असताना, स्लाइड क्रमांक एकोणीस येते. तिला रंग नाही, इंजिन नाही. गुणांचं वाटप आहे. सत्रभराच्या कामाला २०, मिड-सेमला २०, एंड-सेमला ६०. पास व्हायला शंभरात ४० हवेत. आणि खाली बारीक टाइपात एक ओळ: एंड-सेममध्ये स्वतंत्रपणे ४० टक्के, म्हणजे ६० पैकी २४ आवश्यक.

निकालाच्या दिवशी रडारड होते ती या ओळीवरून. समजा, एकाला सत्रभराच्या कामात १८ आणि मिड-सेमला १५ मिळाले. झाले ३३. तो हिशेब करतो, आता फक्त ७ हवेत, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत निवांत राहतो. एंड-सेमला २२ पडतात. बेरीज ५५, निकाल नापास. त्याच्याच शेजारी बसणाऱ्याला आधीचे मिळून १६ आणि एंड-सेमला २५. बेरीज ४१, निकाल पास. पंचावन्नवाला गुणपत्रिका घेऊन येतो आणि म्हणतो, "सर, कॉम्प्युटरची चूक झालीय."

कॉम्प्युटरची चूक नसते. नियमामागे कारण आहे आणि ते आम्हा मास्तरांचं वस्त्रहरण करणारं आहे. सत्रभराच्या कामाचे वीस गुण आमच्या हातात असतात आणि आमचा हात सढळ असतो. जर्नल पूर्ण, असाइनमेंट वेळेत, हजेरी बरी, की घे अठरा. असाइनमेंट कुणी सोडवली हे कोण विचारतो? एक मुलगा सोडवतो, तिची 'मास्टर कॉपी' होते आणि रातोरात सगळा वर्ग हुशार होतो. ओळखायला फार अक्कल लागत नाही. कार्नो इंजिनाचं साधं गणित घ्या. वरचं तापमान ३२७ अंश सेल्सिअस, खालचं २७. कार्यक्षमता काढताना तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे दोन्हींत २७३ मिळवायचे. ६०० आणि ३००, खालचं वरच्याच्या निम्मं, म्हणून कार्यक्षमता ५० टक्के. मास्टर कॉपीवाला २७३ मिळवायला विसरला की २७ भागिले ३२७ करून ते एकातून वजा करतो आणि उत्तर येतं जवळपास ९२ टक्के. मग त्या दिवशी सत्तर वह्यांमध्ये सत्तर इंजिनं ९२ टक्क्यांनी धावत असतात. जगातले सगळे इंजिन कारखाने बंद पडावेत असं संशोधन आमच्या 'बी' डिव्हिजनमध्ये रात्री साडेअकराला होतं.

शेवटची स्लाइड 'यशस्वी कसे व्हाल'. तिच्यावर पूर्वी डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला माणूस होता आणि शेजारी 'सकारात्मक दृष्टिकोन', 'वेळेचे नियोजन' अशी रत्नं होती. आता दोनच ओळी आहेत. पहिली: २७३ मिळवा. दुसरी: सोडवलेलं गणित वाचू नका, वही मिटून पुन्हा सोडवा. दुसरीला आधार आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर लिहिणारे पुढे गेले. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, तो भास एंड-सेमच्या तिसऱ्या प्रश्नापर्यंत टिकतो. हे मी सांगत असताना बेल होते.

इथवर विनोद ठीक आहे. पण या पहिल्या तासाला वर्गात नसलेली काही मुलं आहेत आणि एकोणिसावी स्लाइड सर्वांत जास्त त्यांच्या उपयोगाची आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी. त्यांच्या प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत आमचं दुसरं युनिट संपत आलेलं असतं आणि मिड-सेम तोंडावर असते. वर्गाने पहिल्या वर्षी केलेलं गणित त्यांनी केलेलं नसतं. गेल्या खेपेला असाच एक जण प्रवेशाची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराशी उभा होता. साखर कारखान्यात बॉयलरवर काम केलेला. सुपरहीटेड स्टीम म्हणजे काय हे त्याला माझ्याहून नीट माहीत होतं, कारण त्याने ती गळताना ऐकली होती. त्याने दोनच प्रश्न विचारले: "सर, हजेरी कुठपासून धरणार? आणि पास व्हायला नक्की काय लागतं?" माझ्या शोधनिबंधांबद्दल अवाक्षर नाही. त्याला सहासष्ट रंगीत चौकोन दाखवायला मी लॅपटॉप उघडला आणि पहिल्यांदाच मला त्या चौकोनांचा मनापासून राग आला. काय यायला हवं हे मुलाला कळावं म्हणून निघालेली गोष्ट, आम्ही ती एनबीएच्या समितीच्या फाइलसाठी सजवली आणि मुलाला लागणारी ओळ तळाशी बारीक टाइपात टाकली.

तेव्हापासून डिप्लोमाची मुलं आली की मी नेहमीच्या तासातली दहा मिनिटं काढतो. पीपीटी नाही, फळ्यावर नुसते आकडे: २०, २०, ६० आणि चोवीसभोवती गोल. पंचावन्नवाल्याची गोष्ट सांगतो. वही मिटून गणित सोडवायला लावतो. नवी मुलं खाली मान घालून उतरवून घेतात. आणि दरवेळी जुन्या मुलांपैकी, पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर बसलेला, पीपीटी ग्रुपवर मागणारा कुणीतरी हात वर करतो.

"सर, हे चोवीसचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."