माईआजींचे खांब

पांढरे बूट, चार बोटं वर खोचलेली साडी, कानाला स्कार्फ, आणि ‘मी आता कुठपर्यंत चालते माहितीये का?’ हा प्रश्न ओठांवर. अशा आजी तुमच्याही ओळखीत असणारच. आमच्या माईआजी त्यांतल्याच. फक्त त्या किलोमीटर मानत नाहीत. त्या खांब मोजतात.

खांब म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांचे. माईआजी राहतात कोथरूड स्टँडच्या मागच्या गल्लीत. तिथून निघून त्या कर्वे रस्त्यानं डेक्कनच्या दिशेला चालत सुटतात आणि दर सोमवारी पाच खांब वाढवतात. चालायला लागल्यापासून जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी कुठल्या ना कुठल्या खांबाला आहे. भाजीवाला नवव्याला, दातांचा डॉक्टर सोळाव्याला. शेजारणीची सून किती बोलते? ‘एकदा सुरू झाली की सहा खांब.’ पुतणीला पनवेलचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी जावयाला विचारलं, ‘म्हणजे किती खांब रे?’ जावई इंजिनियर. त्यानं हिशेब करून सांगितलं, ‘चार हजारांच्या वर.’ माईआजी म्हणाल्या, ‘मग नको.’

हा हिशेब गमतीचा वाटेल, पण त्यात कुठंही हात घालायची सोय नाही. त्यांनी शिवणाच्या टेपनं सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःची दहा पावलं मोजली. ती साडेपाच मीटर भरली. मग एका खांबापासून पुढच्यापर्यंतची पावलं मोजली, ती पन्नास. म्हणजे दोन खांबांत साडेसत्तावीस मीटर. पाच खांब वाढवले की 137.5 मीटर वाढतात, असं जावई म्हणाला आणि फसला. ‘आणि परत कोण येणार? मला तिथंच ठेवून येणारेस का?’ जाऊन-येऊन पावणेतीनशे मीटर! त्यानं धीर करून दुसरी शंका काढली, की पाच खांबांमध्ये अंतरं चारच असतात. ‘फाटकासमोरचा खांब मी शून्य धरते,’ माईआजी म्हणाल्या, ‘शिकलायस ना तू?’

आठ खांबांपासून सुरुवात झाली होती. गुडघे जुने, वय 76. फिजिओथेरपीच्या बाईंनी दोन नियम सांगितले होते. चालून आल्यावर गुडघा दुखला तर दुखू दे, पण दोन तासांत निवला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणकत असेल तर मागच्या आठवड्याच्या खांबावर परत. आणि चालताना बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग ठेवायचा. दुसऱ्या नियमाचा आम्हाला काही उपयोग झाला नाही. माईआजींना बोलता येत नाही अशी अवस्था वैद्यकशास्त्राला अजून सापडलेली नाही.

पहिला नियम मात्र त्यांनी एकदाच मोडला. समोरच्या इमारतीतल्या एक बाई ‘मी रोज पुतळ्यापर्यंत जाते’ असं सहज म्हणाल्या. त्या आठवड्यात माईआजींनी पाचाऐवजी दहा खांब घेतले. बुधवारी गुडघा सुजला, गुरुवारी जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी आडवं उतरावं लागलं. शुक्रवारी त्या मुकाट्यानं दहा खांब मागे आल्या आणि पूर्ण आठवडा तिथंच राहिल्या. ‘खांब कुठं पळून जात नाही,’ म्हणाल्या. एरवी कुणापुढं मागे न सरकणाऱ्या बाईनं गुडघ्यापुढं मात्र वाद घातला नाही.

आता माझं दुखणं सांगतो. माझं घर त्यांच्या तेविसाव्या खांबाला आहे. माईआजी तेविसाच्या बऱ्याच पुढं गेल्या आणि एके दिवशी सकाळी सव्वासहाला माझी बेल वाजली. पाणी मागितलं. अर्धा पेला प्यायल्या, आत गेल्या, बाहेर आल्या, ‘तुमचा तो पडदा धुवायला झालाय,’ म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या दिवशी तेच, पडद्याऐवजी पंखा. रविवारीही बेल. रविवारी सव्वासहाला उठलेला माणूस काय विचार करतो ते छापण्यासारखं नसतं. एकदा बायकोनं चहा पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि माझ्याकडं बघून सरळ सांगितलं, ‘अरे, तुझा चहा प्यायला नाही येत मी. तुझं बाथरूम दाराजवळ आहे म्हणून येते.’

मग त्यांनी उरलेला हिशेब मांडला. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक लघवीची. डॉक्टरांना विचारून त्यांनी ती चालून आल्यावर घ्यायला सुरुवात केली होती. तरी या वयात पंचेचाळीस मिनिटांच्या वर थांबता येत नाही. त्यांचा वेग मिनिटाला पन्नास मीटर. म्हणजे सव्वादोन किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन एकेचाळीस खांब. ‘गुडघा मला पुढं जाऊ देतोय,’ त्या म्हणाल्या, ‘पण एकेचाळिसाव्या खांबाला माझा रस्ता संपतो.’ वाटेत एक सार्वजनिक स्वच्छतागृह आहे. बाहेर पाटी, आत जाण्याचं दार कुलूपबंद, आणि बाजूच्या भिंतीला पुरुषांची रांग. त्यांना कुलूप लागत नाही. बाई मात्र किती चालणार हे तिच्या पायांवर नाही, वाटेतल्या ओळखींवर ठरतं.

त्रेचाळीस खांबांना माझं घर पुरत होतं, परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या मिनिटाला. पण आजी वाढतच होत्या. अठ्ठावन्नाव्या खांबाजवळ एक पोळीभाजी केंद्र आहे. तिथल्या बाई पाचला कणीक मळायला घेतात. माईआजींनी तिथं आधी आठवडाभर पोळ्या विकत घेतल्या, मग ‘लाटण्याला दाब जास्त पडतोय तुझा’ असं सांगितलं, मग स्वतःच चार पोळ्या लाटून दाखवल्या. आता त्या रोज चार लाटतात, हात धुतात, आत जाऊन येतात आणि पुढं त्रेसष्टाव्याला शिवून परत फिरतात. जाता-येताना मधे कुठं थांबायची गरजच उरत नाही. त्यामुळं माझी बेल आता वाजत नाही. पडदा आम्ही धुतला. ते कुणी बघितलं नाही, याचं मला उगाच वाईट वाटतं. सव्वासहाला जाग येते ती येतेच.

परवा त्या रस्त्यात दिसल्या. मी थांबवायला गेलो तर चालता चालताच म्हणाल्या, ‘बोल, पण दोन खांबांत उरक.’ पुढच्या महिन्यात त्यांना नळ स्टॉपपर्यंत जायचंय आणि पोळीवाल्या बाईंच्या पुढं ओळखीचं एकही दार नाही. माझं काम त्यांनी मला नेमून दिलंय, ते इथंच करून टाकतो. नळ स्टॉपच्या आसपास तळमजल्यावर राहणारं, साडेसहाच्या आत उठणारं, कुत्रा नसलेलं एखादं कुटुंब हवंय. पेलाभर पाणी द्यावं लागेल. पडद्यांबद्दल ऐकून घ्यावं लागेल. आणि एखाद्या महिन्यानं त्या तुम्हालाही मागं टाकून पुढं जातील, याची तयारी ठेवावी लागेल.