न वाचलेल्या ओळीचे गुण

सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रस्ता. इथल्या अभ्यासिकांमधून रोज रात्री उत्तरपत्रिकांचे फोटो निघतात. मुलगा तीन तास बसून मुख्य परीक्षेचा सराव पेपर लिहितो, टेबलावरच्या दिव्याखाली एकेक पान मोबाइलवर टिपतो, त्याची पीडीएफ करतो आणि टेस्ट सिरीजच्या तपासनिसाला पाठवतो. काही दिवसांनी उत्तरपत्रिका परत येते. शेवटच्या पानावर लाल अक्षरांत शेरा असतो : ‘मांडणी ठीक. उदाहरणं वाढवा. अक्षर सुधारा.’

या तिसऱ्या वाक्याचा मला मनापासून राग येतो. कुठलं अक्षर? कितव्या पानावरचं, कितव्या ओळीतलं? तपासनिसाला ती ओळ वाचताच आली नाही, की वाचायला त्रास होऊनही वाचता आली? आली नसेल, तर त्या ओळीचे गुण दिले की कापले? शेऱ्यात यातलं काहीच नसतं, आणि मुलाने फी भरलेली असते ती नेमकी एवढ्याचसाठी.

हा प्रश्न आता पुण्यात फार जणांचा झाला आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हटल्यावर २०२३ च्या सुरुवातीला इथलीच मुलं रस्त्यावर बसली होती. बदल लगेच नको, २०२५ पासून करा, ही त्यांची मागणी होती आणि ती मान्य झाली. म्हणजे वर्षानुवर्षं गोळे रंगवून जो हात तयार झाला, त्याच हाताने आता पानंच्या पानं लिहायची आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे नियम तर स्पष्टच आहेत : हस्ताक्षर सहज वाचता येत नसेल, तर मिळालेल्या एकूण गुणांमधून त्यापोटी वजावट होईल. अवाच्य ओळीला किंमत आहे, तर तपासनिसाने ती ओळ दाखवून द्यायलाच हवी.

एक उत्तर घेऊन बघू. प्रश्न दहा गुणांचा, शब्दमर्यादा १५०. ‘७३ व्या घटनादुरुस्तीनंतरही पंचायतींचं आर्थिक स्वावलंबन अपुरंच राहिलं. चर्चा करा.’ उत्तर समोरासमोरच्या दोन पानांवर, एकोणीस ओळींत. तपासण्याआधी समासात पाच, दहा, पंधरा असे ओळींचे आकडे घालून घ्यायचे. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण त्याशिवाय पुढचा कुठलाही शेरा नेमका होत नाही. मग लाल पेन बाजूला ठेवून उत्तर एकदा नुसतं वाचायचं.

अडलो तीन जागी. चौथ्या ओळीत अकराव्या अनुसूचीतल्या विषयांची संख्या आहे, पण ती २९ आहे की २१, ते ठरत नाही. आठव्या ओळीत ‘राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी शासनावर बंधनकारक’ इथवर दिसतं आणि शेवटचा शब्द वहीच्या शिवणीत बुडालेला आहे. तेराव्या ओळीत ‘घरपट्टी’ आणि ‘वसुली’ यांच्या मधले तीन-चार शब्द एकमेकांत गुंतलेत.

आता इथे बहुतेक तपासनीस काय करतात, ते मला माहीत आहे. अनुसूचीत २९ विषय आहेत हे त्यांना पाठ असतं, म्हणून ते २९ वाचतात. शिफारशी बंधनकारक नसतात हे ठाऊक असतं, म्हणून बुडालेल्या शब्दाच्या जागी ते मनातल्या मनात ‘नसतात’ भरतात. घरपट्टी आणि वसुली दिसली की मधले शब्द आपोआप जुळतात. उत्तर पूर्ण होतं, गुण पडतात. पण हे गुण मुलाच्या उत्तराला मिळालेले नाहीत. तपासनिसाने स्वतःच्या ज्ञानाला दिलेले आहेत. विषयात जो जितका मुरलेला, तो इथे तितका सहज फसतो, कारण त्याला रिकामी जागा रिकामी दिसतच नाही.

काही तपासनीस नेमके उलट वागतात. ते ओळ सोडून देतात आणि खाली लिहितात, ‘वित्त आयोगाचा मुद्दा नीट आलेला नाही.’ आला असेलही. शिवणीत गेला असेल. न लिहिलेला मुद्दा आणि वाचता न आलेला मुद्दा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना शेरेही वेगळे हवेत.

म्हणून अशा प्रत्येक जागेवर आधी एकच गोष्ट ठरवायची : दोष कॅमेऱ्याचा की हाताचा? त्याची सोपी खूण पानावरच असते, ती म्हणजे वहीची छापील रेघ. शब्दाशेजारची छापील रेघही पुसट, दुहेरी किंवा वाकलेली दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे नाहीतर पान फुगलं आहे. रेघ लख्ख आणि अक्षरंच गुंतलेली असतील, तर दोष हाताचा. आपल्या उत्तरात आठव्या ओळीजवळ रेघा शिवणीकडे वळून खाली गेल्या आहेत, म्हणजे कॅमेरा. चौथ्या आणि तेराव्या ओळीपाशी रेघा सरळ आणि स्पष्ट आहेत, म्हणजे हात.

देवनागरीत आणखी एक भानगड आहे, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. फोटो ‘स्कॅनसारखा’ दिसावा म्हणून मुलं त्याला काळा-पांढरा करणारा फिल्टर लावतात. त्यात फिकट ते सगळं पांढरं होतं आणि गडद ते सगळं काळं. बॉलपेनचा हलका अनुस्वार उडतो आणि ‘त्यांचे’चं ‘त्याचे’ होतं. मागच्या पानावरची जेलपेनची शाई पुढे उमटून आली असेल, तर तीही काळी होऊन मात्रा असल्याचा भास करते. काही जण छापील रेघेलाच शिरोरेघ मानून तिच्याखाली अक्षरं लटकवतात. या फिल्टरमध्ये ती रेघ नाहीशी झाली की शब्द कुठे तुटतो हेच कळत नाही. तेव्हा फोटो रंगीतच मागवावा, आणि व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून न घेता डॉक्युमेंट म्हणून घ्यावा, कारण चित्र म्हणून पाठवलं की ते दाबून लहान केलं जातं आणि पहिला बळी बारीक अक्षरांचा जातो.

दोष कुणाचा ते ठरलं की पुढची वागणूकही ठरते. कॅमेऱ्याच्या दोषासाठी गुण कापायचे नाहीत, कारण खऱ्या परीक्षेत परीक्षकासमोर मुलाच्या फोनमधला फोटो नसेल. तेवढ्या ओळीचा नवा फोटो मागवायचा. हाताच्या दोषासाठी नवा फोटो मागायचा नाही, आणि ‘इथे काय लिहिलं होतंस?’ असंही विचारायचं नाही. विचारलं की मुलगा पानावर काय आहे ते सांगत नाही. आत्ता जे सुचतं, तेच तेव्हा लिहिलं होतं असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. परीक्षागृहाबाहेर असं विचारायला कुणी येणार नाही. म्हणून ती ओळ त्या उत्तरात शून्य.

समासातला शेरा मग असा होतो. ‘ओळ ४ : आकडा २९ की २१, ठरत नाही, धरला नाही. १ आणि ९ सारखेच काढतोस. ओळ ८ : शेवटचा शब्द फोटोत नाही, पान सपाट दाबून पुन्हा फोटो पाठव. ओळ १३ : तीन-चार शब्द अवाच्य, धरले नाहीत.’ आणि गुण देताना : ‘वाचता आलेल्या मजकुरावर साडेतीन. ओळ ८ बरोबर निघाली तर चार.’ गुणांचा एकच ठाम आकडा लिहायचा मोह टाळायचा. जे वाचलेलंच नाही, त्याबद्दल ठाम राहण्याचा हक्क तपासनिसाला नाही.

आणि समजा, आठव्या ओळीचा नवा फोटो आला आणि त्यात ‘बंधनकारक असतात’ निघालं. मग ज्याने ‘नसतात’ भरून गुण दिले असते, त्याने मुलाचा मूळ गैरसमजच झाकून टाकला असता. राज्य वित्त आयोग शिफारशी करतो. त्या आणि त्यांवर काय कार्यवाही केली याचं निवेदन विधिमंडळापुढे ठेवावं लागतं. शिफारशी मान्य करण्याचं बंधन सरकारवर नाही. हा या उत्तराचा कणा होता. तो मोडलेला आहे हे मुलाला कळलं ते फक्त ‘वाचता आलं नाही’ असं कुणीतरी लिहिलं म्हणून.

वाचता न आलेल्या जागेवर खूण करण्याची शिस्त पुण्याला नवी नाही. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. वि. स. सुखटणकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते आणि १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. त्या आवृत्तीत संहितेतला जो पाठ पुरेसा निश्चित नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. ढीगभर हस्तलिखितं ताडून पाहिलेल्या विद्वानांना ‘इथे खात्री नाही’ हे छापताना कमीपणा वाटला नाही. मग तासाला अमुक उत्तरपत्रिका या हिशेबाने तपासणाऱ्याला तो का वाटावा? तीच रेघ वापरा. अंदाजाने वाचता आलेल्या शब्दाखाली नागमोडी रेघ, अजिबात न कळलेल्या जागी चौकोन आणि त्यात शब्दांचा अंदाजे आकडा. दोनच खुणा पुरतात.

या खुणांचा खरा उपयोग मात्र पेपर संपल्यावर होतो. नागरी सेवेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस प्रश्न असतात. सरासरी नऊ मिनिटांना एक; दहा गुणांच्या प्रश्नाला सातेक मिनिटं, पंधरा गुणांच्या प्रश्नाला अकराच्या आसपास. तपासून झालं की प्रत्येक प्रश्नात किती चौकोन पडले ते एका ओळीत लिहून काढायचं. चौकोन सगळ्या पेपरभर सारखे विखुरलेले असतील, तर दोष अक्षराच्या वळणाचा आहे आणि तो ठरावीक अक्षरांत सापडतो : घ आणि ध, भ आणि म, ख आणि ‘रव’, १ आणि ९. तीच अक्षरं सुटी काढून दाखवली तर काही आठवड्यांत फरक पडू शकतो.

पण पहिल्या बारा प्रश्नांत एकही चौकोन नाही आणि सतराव्यापासून ते भराभर पडू लागले, असं दिसलं तर? तो हात वाईट नाही, त्याला उशीर झाला आहे. अशा मुलाला ‘अक्षर सुधारा’ म्हणणं म्हणजे चुकीच्या रोगावर औषध देणं. तो सुलेखनाची वही आणतो, महिनाभर गिरवतो आणि पुढच्या पेपरात सतराव्या प्रश्नाला पुन्हा तसाच धावत सुटतो. त्याला पुढच्या पेपरात शेवटचे चार प्रश्न आधी लिहायला सांगा. उत्तरपुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाची जागा ठरलेली असते, त्यामुळे क्रम बदलायला अडचण नाही. मग चौकोन पुन्हा मोजा. ते त्या चार प्रश्नांमधून उठून नंतर लिहिलेल्या प्रश्नांवर जाऊन बसले, तर त्याच्या अक्षराला हात लावू नका. पहिल्या तासात तो एकेका उत्तरात किती जादा ओळी लिहितो, ते तपासायला घ्या.