एकतीस सप्टेंबरची पावती

जानेवारी उजाडला की आमच्या हिशेब खात्याच्या टेबलावर घरभाड्याच्या पावत्यांचा ढीग पडतो. त्यात यंदा एक अजब पावती निघाली. तारीख होती 31/9. जुलैच्या पावतीची झेरॉक्स काढून सातच्या डोक्याला पेनाने गोल जोडलेला, झाला नऊ! सप्टेंबरला एकतिसावा दिवस बहाल करणारा हा पराक्रमी पुरुष आमच्याच विक्री विभागातला, नुकताच पुण्यात आलेला. पावती क्रमांकही जुलैचाच आणि मालकीणबाईंच्या सहीचं शेपूट तिकिटाच्या त्याच कोपऱ्यात अडकलेलं.

"काका, भाडं खरंच भरलंय हो. बाईंनी फक्त पावती दिली नाही."

हेच तर दुखणं. भाडं खरं, राहणं खरं आणि खोटा तेवढा कागद. पण आम्ही पगारातून कर कापतो तो या कागदांच्या भरवशावर. एक पावती खाडाखोडीची निघाली की उरलेल्यांवरही संशय येतो. म्हणून परत केली.

मग त्याला हिशेब मांडून दाखवला. मूळ पगार 30,000, घरभाडे भत्ता 12,000, भाडंही 12,000. सूट मिळते ती तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याची: मिळालेला भत्ता 12,000, पुण्यासाठी तेव्हाच्या नियमाने मूळ पगाराच्या चाळीस टक्के म्हणजे पुन्हा 12,000, आणि भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा करून उरलेले 9,000. म्हणजे सप्टेंबरची सूट 9,000, आणि वीस टक्क्यांच्या पट्टीत वाचणारा कर साधारण अठराशे. खोट्या कागदावर चुकीची सूट घेतल्याचं निघालं, तर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट होऊ शकतो. आणि एवढं धाडस कशासाठी, तर हॉटेलातल्या दोन-तीन जेवणांच्या पैशांसाठी.

उपाय फारच साधा निघाला. पावतीवरची तारीख म्हणजे सही केल्याचा दिवस. भाडं कुठल्या महिन्याचं ते मजकुरात लिहायचं. बाईंनी आज सही करून 'सप्टेंबरचे भाडे रुपये 12,000 बँकेमार्फत मिळाले' असं लिहून दिलं, की काम झालं. राहिलेल्या सगळ्या महिन्यांची एकच पावती दिली तरी चालते. सोबत घराचा पत्ता, दोघांची नावं आणि पासबुकाचा उतारा.

बाई पावतीला तयार झाल्या, पॅन म्हणताच दार लोटायला लागल्या. जुलै ते मार्च नऊ महिन्यांचं भाडं 1,08,000. वर्षाला लाखावर गेलं की मालकाचा पॅन द्यावाच लागतो. भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीबिरुस्तीपोटी सरसकट तीस टक्के वजावट मिळते, हे कळल्यावर बाईंनी त्याला आत बोलावून चहा दिला.

पॅन हाती पडेपर्यंत आमची मुदत उलटली असती, तरी जुनी करप्रणाली निवडून विवरणपत्रात तीच सूट त्याला स्वतः मागता आली असती. कागद मात्र तेव्हाही हेच लागले असते. नवी पावती आली ती बिनखोडीची, 28 जानेवारीची. मी ती लावून घेतली आणि पुढची उचलली. तिच्यावर मालक म्हणून सही होती अर्जदाराच्या बायकोची, आणि अक्षर अर्जदाराचं.