अनारसे हसले तेव्हा

औषधांच्या कंपनीत मी गुणवत्ता तपासते. म्हणजे गोळीचं वजन ठरल्यापेक्षा जरा जास्त हललं की अख्खा घाणा अडवून ठेवायचा, याचा मला पगार मिळतो. अशा बाईने आजीच्या स्वयंपाकघरात काटा घेऊन शिरू नये, हे कुणीतरी वेळीच सांगायला हवं होतं.

2023 साली अधिक श्रावण आला. माझ्या लग्नानंतरचा तो पहिला अधिक महिना, म्हणजे जावयाला 33 अनारशांचं वाण देणं आलं. आजी वाईहून पुण्याला मुद्दाम त्यासाठी आली. महिन्याच्या सुरुवातीला देवापुरते आणि घरापुरते अनारसे ती करणार होती, वाणाचे नंतर. मी जाहीर केलं की आजीची कृती आता कायमची लिहून ठेवायची, एकेक जिन्नस तोलून. आणि वाणाचे अनारसे त्या वहीवरून मी करणार. आई म्हणाली, "स्वतःच्या नवऱ्याचं वाण स्वतःच तळणारी पहिलीच बघतेय." आजी काही बोलली नाही. तिने फक्त काट्याकडे बघून विचारलं, "याला पुसायला ओलं फडकं चालतं का?"

तांदूळ जुना कोलम, आजीच्या मापाने "तीन ओंजळी आणि वर थोडे". ते 500 ग्रॅम भरले. वर थोडे म्हणजे 22 ग्रॅम. मी इतकी खूश झाले, की ते आकडे वहीत दोनदा लिहिले. तांदूळ तीन दिवस भिजले, रोज पाणी बदललं. चौथ्या दिवशी निथळून सुती कापडावर घरातच पसरले. दर दहा मिनिटांनी आजी त्यांत हात फिरवी. दमट लागले पाहिजेत, पण हाताला चिकटता कामा नये, एवढीच तिची अट. "आता," असं ती म्हणाली तेव्हा मी काट्यावर घातले: 615 ग्रॅम. मिक्सरवर दळून, बारीक चाळणीने चाळून, वरची कणी बाजूला काढून पीठ उरलं 580.

मग गूळ आला. साधा, चिक्कीचा नाही, त्याने अनारसे कडक होतात. कृती लहानपणापासून ऐकलेली होती, वाटीला वाटी. म्हणून मी 580 ग्रॅम गूळ किसून तयार ठेवला. आजीने तिची पितळी वाटी काढली, पीठ बोटांनी दाबून भरलं, गूळ मात्र भुरभुरवत, न दाबता भरला. मी दोन्ही वाट्या तोलल्या. पिठाची 148 ग्रॅम, गुळाची 117. म्हणजे घरातल्या चार पिढ्या जिला "वाटीला वाटी" म्हणत आल्या ती वजनात 79 टक्केच होती. हा शोध मी आईला, आत्याला आणि खाली इस्त्रीवाल्यालाही सांगितला. पिठाला गूळ एकूण 458 ग्रॅम लागला आणि चमचाभर तूप. गोळा करून डब्यात पाच दिवस मुरत ठेवला. त्याचे अनारसे इतके जाळीदार झाले, की त्यांत माझं काहीच कर्तृत्व नव्हतं हे मी सोयीने विसरले.

आजी वाईला परतली आणि मी माझ्या फ्लॅटमध्ये वाणाचे तांदूळ भिजवले. 500 ग्रॅम, चोख. चौथ्या दिवशी सकाळपासून पावसाची झड होती. पंख्याखाली तासभर ठेवूनही तांदूळ ओलसरच होते, पण मला ऑफिसची मीटिंग गाठायची होती आणि हात फिरवून बघायचं कलम माझ्या वहीत नव्हतं. "ओलावा: हाताला कळेल तितका" असं कुणी लिहितं का? मी दळलं, चाळलं, पीठ तोललं. 640 ग्रॅम! आजीपेक्षा 60 ग्रॅम जास्त. माझी चाळणी चांगली, असं मला वाटलं. 79 टक्क्यांनी गूळ 506 ग्रॅम घातला, एक ग्रॅमही इकडेतिकडे नाही.

पाच दिवसांनी डबा उघडला तेव्हा गोळा जरा पसरून बसला होता. मी ते मुरण्याचं लक्षण मानलं. खसखशीवर अनारसे थापले, मंद आचेवर तूप तापवलं. आजी आधी एकच सोडून बघते. माझा हिशोब पक्का असल्यामुळे मी चार सोडले, खसखस वरच्या अंगाला, अगदी शास्त्रशुद्ध.

अनारसे हसले.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांना सांगते: अनारसा हसतो म्हणजे तुपात पडल्यावर कडेने उसवतो, मधे फुटतो आणि बघता बघता कढईभर तांबूस कण होऊन तरंगतो. चारही एकदम हसले. झाऱ्याने गोळा करायला जावं तर उरलेलेही सुटत गेले. तळाशी गूळ बसून करपला आणि अर्धा किलो साजूक तुपाचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. नवरा दारात येऊन म्हणाला, "माझंच वाण ना हे?"

आजीला फोन लावला. मी सगळे आकडे वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "तांदूळ कोरडे झाले होते का गं?"

"पीठ 640 भरलं, आजी. तुझ्यापेक्षा जास्तच."

"मग ते जास्तीचं काय होतं?"

पाणी होतं. 500 ग्रॅम तांदळातून 580 च्या वर निघालेलं जवळजवळ सगळं पाणीच, आणि मी त्याला तांदूळ समजून त्याच्या वाटणीचाही गूळ घातला होता, 48 ग्रॅम. एकाच चुकीने ओलही वाढली आणि गूळही, आणि अनारसे या दोन्हींमुळे हसतात. कामावर दमट पावडर वजनावर घ्यायची नाही हे नव्या पोरांना पहिल्या दिवशी मीच शिकवते. काट्याची यात काही चूक नव्हती, हे मला इथे नोंदवायलाच हवं.

"आता त्यात तांदळाचं पीठ मळ आणि एकच सोडून बघ," आजी म्हणाली.

"किती ग्रॅम?"

"हसायचे थांबतील इतकं."

मी काटा कपाटात ठेवला, मूठ मूठ पीठ मळत गेले आणि दर मुठीला एक अनारसा सोडत गेले. पहिला हसला. दुसरा कडेने नुसता मुरकला. तिसरा शहाण्यासारखा जागेवर फुलला, वर झाऱ्याने तूप उडवलं तशी जाळी पडली. न उलटता काढला, चाळणीत उभा निथळत ठेवला. रात्री साडेअकरापर्यंत 33 झाले. हसलेल्यांचा चुरा नवऱ्याने दुधात घालून खाल्ला आणि वाणापेक्षा तोच बरा असं मत दिलं, ते मी आईला कळवलेलं नाही.

वहीत पानाच्या वर आता लाल शाईने एकच ओळ आहे: 500 चे 615 झाले की सुकवणं थांबवा, पीठ नंतर तोला. ही ओळ मी आजीला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरं. आणि हाताला कसे लागतात?"

पुढचा अधिक महिना ज्येष्ठाचा, 17 मे 2026 पासून. त्या उन्हात 615 यायला किती मिनिटं लागतात याची नोंद माझ्याकडे नाही. आजीला वाईहून आणायला मीच जाणार आहे.