एक जूनवाल्यांची पेन्शन

प्रस्तुत लेखकाच्या टिपण्या ऑफिसात नाव राखून होत्या. निदान त्याची तरी तशी समजूत होती. त्यामुळे निवृत्तीला आलेल्या मंडळींसाठी पेन्शनच्या पुस्तिकेचा सोप्या मराठीत गोषवारा करण्याचे काम आले, तेव्हा आस्थापना शाखेने योग्य माणूस निवडला याबद्दल त्याने मनातल्या मनात शाखेचे अभिनंदन केले. त्याचे स्वतःचे नावही निवृत्तांच्या यादीत होते. तो योगायोग त्याने दुर्लक्षिला.

पुस्तिका केंद्र सरकारची. 1 जानेवारी 2004 च्या आधी नोकरीला लागलेल्या, म्हणजे जुन्या पेन्शनवाल्यांसाठी. लेखकाची अपेक्षा होती की इतक्या वर्षांच्या सेवेचे मोल ठरवताना सरकार काहीतरी खोलात शिरेल. पुस्तिका उघडल्यावर कळले की सरकारला मुख्यतः तीन आकडे हवे आहेत. शेवटचे बेसिक, सेवेच्या सहामाह्या आणि पुढच्या वाढदिवसाला पूर्ण होणारे वय. टिपण्यांचा रकाना कुठेच नव्हता. दुपारी फायलीवर डोके टेकून झोपणारा शेजारचा गृहस्थ आणि लेखक यांचे बेसिक सारखे असेल, तर पेन्शनही रुपयाबरहुकूम सारखी.

गोषवाऱ्यासाठी त्याने उदाहरण घेतले ते अर्थातच स्वतःचे. बेसिक 70,000 रुपये, निवृत्ती 31 मे 2025, तेव्हाचा महागाई भत्ता 55 टक्के. पेन्शन म्हणजे शेवटच्या बेसिकच्या निम्मी, किंवा शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीच्या निम्मी, यातली जी जास्त असेल ती. म्हणून 35,000. हातात पडणाऱ्या पगाराच्या निम्मे मिळणार म्हणून स्वप्ने रंगवणारे लोक इथेच आपटतात. घरभाडे भत्ता या हिशोबात नसतो. महागाई भत्ताही नसतो, मात्र पेन्शनवर महागाई वेगळी मिळते.

ग्रॅच्युइटीत तोच महागाई भत्ता धरला जातो. 70,000 अधिक 38,500, म्हणजे 1,08,500. प्रत्येक पूर्ण सहामाहीला याचा एक चतुर्थांश द्यायचा, पण साडेसोळा पटीच्या वर जायचे नाही. साडेसोळा पट भरते तेहतीस वर्षांत. लेखक 1988 साली लागला, त्याची झाली सदतीस. वरची चार वर्षे ग्रॅच्युइटीपुरती त्याने केवळ सरकारवरच्या प्रेमाखातर केली असे समजायचे. हिशोब 17,90,250 रुपये. ही रक्कम कमाल मर्यादेच्या आत बसते. 1 जानेवारी 2024 पासून मर्यादा पंचवीस लाख आहे.

इथपर्यंत गोषवारा झरझर उतरला. मग निवृत्तीच्या तारखेचा नियम आला आणि लेखक अडला.

नियम असा: ज्या महिन्यात साठ वर्षे पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी. लेखकाच्या सर्व्हिस बुकात जन्मतारीख आहे 1 जून 1965. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या किती जणांचा जन्म 1 जूनला झाला हे जनगणनेवाल्यांनी एकदा पाहावे. गावोगावच्या बाया जणू ठरवून त्या एकाच दिवशी बाळंत होत होत्या. खरे काय ते सगळ्यांना माहीत आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा, गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचे, आणि कान हाती लागला की वय बसले. मग मागे मोजून वर्ष लिहायचे आणि पुढे 1 जून. लेखकाची आई शेवटपर्यंत सांगत असे की हा श्रावणातला, पाऊस इतका की सुईणीला ओढ्यापलीकडून आणता येईना. पण आईची साक्ष सर्व्हिस बुकात चालत नाही. शाळेच्या दाखल्याची चालते.

आता यात बिघडले काय? पगारवाढ लागते 1 जुलैला किंवा 1 जानेवारीला. 30 जून किंवा 31 डिसेंबरला निवृत्त होणाऱ्यांची वर्षभराची वाढ एका दिवसाने हुकायची. त्यावर लोक वर्षानुवर्षे कोर्टात भांडले. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि पुढे केंद्राने आदेश काढून या दोन तारखांना निवृत्त होणाऱ्यांची ती वाढ पेन्शनच्या हिशोबापुरती धरायला सुरुवात केली. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनला ती लागत नाही. म्हणजे 2 जूनला जन्मलेला माणूस 30 जूनला निवृत्त होतो, महिनाभराचा पगार जास्त घेतो आणि त्याची पेन्शन 70,000 ऐवजी 72,100 वर बसते. दरमहा 1,050 रुपये जास्त आणि त्यावर महागाई, आयुष्यभर. 1 जूनवाला 31 मेला शाल-नारळ घेऊन घरी. त्याला यातले काही नाही. गुरुजींनी टाक बुडवताना एकच्या जागी दोन लिहिले असते, तर त्यांचे काय जात होते? आणि श्रावण लिहिला असता, तर खरीखुरी वाढ पदरात पडून ग्रॅच्युइटीही फुगली असती.

या मुद्द्यावर लेखकाने गोषवाऱ्यात दीड पान लिहिले. पेन्शन कारकून बाईंनी त्यावर पेन्सिलीने एकच शेरा मारला, ‘साहेब, हे पुस्तिकेत नाही.’ दीड पान गेले. ते इथे वापरले आहे.

कम्युटेशनवर मात्र चहाच्या टपरीपासून लिफ्टपर्यंत वाद चालू होता. नियम साधा आहे. मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त चाळीस टक्के भाग सरकारला विकायचा आणि एकरकमी पैसे घ्यायचे. चाळीस टक्के म्हणजे 14,000. त्याला बाराने गुणायचे आणि मग तक्त्यातल्या 8.194 ने. हा 8.194 पुढच्या वाढदिवसाला एकसष्ट पूर्ण करणाऱ्याचा आकडा. साठ पूर्ण करणाऱ्याला 8.287 मिळतो. वय वाढले की किंमत उतरते, हे सरकारने दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत छापून ठेवले आहे. लेखकाला हे लागले. तो रोज टेकडी चढतो.

हाती येतात 13,76,592 रुपये, तेही पूर्ण करमुक्त. त्याबदल्यात पंधरा वर्षे दरमहा 14,000 कापले जातात. उरते 21,000. महागाई मात्र मूळ 35,000 वरच मिळते, म्हणून 55 टक्क्यांनी 19,250 धरून हातात 40,250. पंच्याहत्तरी गाठली की कापलेला भाग परत सुरू. हेही आपोआप मिळालेले नाही. 1986 साली ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा पंधरा वर्षांची हद्द आली. आता कर्मचारी संघटना बारा वर्षे मागत आहेत.

टपरीवरचा युक्तिवाद असा की पंधरा वर्षांत सरकार 25,20,000 कापते आणि देते पावणेचौदा लाख, म्हणजे ही लूट आहे. मुद्दल तर आठ वर्षे दोन महिन्यांतच फिटते. पण कुठलेही पंधरा वर्षांचे कर्ज असे मोजले तर लूटच दिसते. लेखकाने व्याज काढून पाहिले, ते साधारण नऊ टक्के पडते. ही रक्कम पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवली, तर महिन्याला सुमारे 9,400 रुपये येतील आणि त्या व्याजावर कर लागेल. कपात 14,000 ची. म्हणजे नुसत्या व्याजावर कपात भागत नाही, मुद्दलाला हात लागतो. उलट बाजूला, जी पेन्शन सोडली तिच्यावरही कर लागलाच असता. डोक्यावर घराचे कर्ज असेल किंवा मोठा खर्च उभा असेल, तर कम्युटेशन घ्यावे. पैसे मुदत ठेवीत टाकण्यासाठीच घ्यायचे असतील, तर फायदा फारसा नाही. चाळीस टक्के ही कमाल मर्यादा आहे, हुकूम नाही. वीस टक्केही घेता येते. निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. त्यानंतर लागते.

लेखकाने घरी ठासून सांगितले, “अगं, मी नव्वदीपर्यंत जगणार. कम्युटेशन माझ्यासारख्याला तोट्याचं.”

“अहो, आणि नाही जगलात तर?” पत्नीने भाजी निवडता निवडता विचारले.

नव्वदीच्या बाता मारणाऱ्याने हे पान घाईने उलटले होते. त्याने परत उघडले. कम्युटेशन घेतलेला माणूस पंधरा वर्षांच्या आत गेला, तर उरलेली कपात माफ होते. कुटुंब निवृत्तिवेतनातून एक रुपयाही वसूल होत नाही. म्हणजे हे असे कर्ज आहे की जे घेणाऱ्याबरोबर संपते. टपरीवरच्या हिशोबात ही बाजू कुणी धरतच नाही, कारण तिथे बसलेला प्रत्येकजण अमर असतो. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास सात वर्षे, किंवा त्याला सदुसष्ट पूर्ण झाली असती तोवर, यातले जे आधी संपेल तेवढा काळ पत्नीला वाढीव दराने, लेखकाच्या बाबतीत 35,000. पुढे शेवटच्या बेसिकच्या तीस टक्के, 21,000. दोन्हींवर महागाई.

कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात एका सहकाऱ्याच्या पत्नीला पहिला हप्ता हातात पडायला कित्येक महिने लागले. कारण काय, तर लग्नात तिचे नाव बदलले होते. नवऱ्याने पेन्शनच्या कागदात सासरचे नाव लिहिले. आधार निघाले ते शाळेच्या दाखल्यावरून, माहेरच्या नावाने. बँकेच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. ती बाई पतीच्या तेराव्यानंतर बँकेत जाऊन, मी तीच आहे, असे शपथपत्रावर लिहून देत होती. नवरा हयात असताना हे एका अर्जाचे काम होते. त्याला सदतीस वर्षांत सवड झाली नाही. ज्या घरात तांदळाचे माप ओलांडताना बाईचे नाव पुसायची हौस असते, तिथल्या पुरुषांनी ते नाव कागदांवर नीट लावून देण्याचीही तसदी घ्यायला हवी होती. कारकून बाईंनी सांगितले की असे प्रकरण दर वर्षी येते.

गोषवाऱ्याच्या पहिल्या पानावर मग पेन्शनचे सूत्र आले नाही. तिथे आला कुटुंबाच्या तपशिलाचा फॉर्म. नियमांची रांग त्याच्यामागे लागली. लेखकाच्या भाषाशैलीची कुणी तारीफ केली नाही. चार-सहा जणांनी मात्र दुसऱ्याच दिवशी नावदुरुस्तीचे अर्ज दिले, आणि त्यांतला एक लेखकाचा होता.

तुमच्या निवृत्तीला अजून वर्ष असेल, तरी आज घरी गेल्यावर सर्व्हिस बुकाची प्रत, पत्नीचे आधार आणि जोडखात्याचे पासबुक शेजारी ठेवा. तिन्हींवर तिचे नाव अक्षरन् अक्षर एकच आहे का ते तिलाच वाचायला सांगा. फरक असेल तर उद्याच आस्थापना शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.