मी कुठे घोरतो?

हा गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मान आखूड आणि जाड, शर्टाचं वरचं बटण शेवटचं लागलं ते स्वतःच्या रिसेप्शनला. दिवसा अत्यंत सज्जन. मेंटेनन्स वेळेवर भरतो, लिफ्टमध्ये आधी दुसऱ्याचं बटण दाबतो. रात्री मात्र साडेअकराला पाठ टेकली की पावणेबाराला वरच्या मजल्यावरचं बाळ दचकून उठतं. आणि सकाळी दूध घ्यायला दार उघडून तोच विचारतो, "काय हो, रात्री कुठे बोअरिंग चालू होतं का?"

आमच्या शेजारचे काका या जातीतले. तीस वर्षांच्या संसारात काकूंनी सगळं मान्य करून घेतलं, अगदी माहेरच्या बाजूने पत्रिका छापण्यापर्यंत. पण "तुम्ही घोरता" हे एक वाक्य काकांनी आजतागायत स्वीकारलेलं नाही. "मी जागाच होतो," हे त्यांचं पहिलं उत्तर. "जरा सर्दी झालीय," हे दुसरं. ही सर्दी त्यांना बारमाही असते. काकूंनी एकदा मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऐकवला. काकांनी लक्षपूर्वक ऐकला आणि म्हणाले, "हा माझा आवाज नाही. माझा आवाज भारदस्त आहे."

यात काकांचा लबाडपणा कमी आणि शरीराचा जास्त आहे. उताणं झोपलं की जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग घशाकडे घसरतो, हवेची वाट अरुंद होते आणि तेवढ्यातून जाणारा श्वास त्या सैल पडद्याला थरथरवतो. शनिवारी मित्रांबरोबर दोन पेग झाले की स्नायू आणखी सैल पडतात. म्हणून शनिवारचा कार्यक्रम विशेष रंगतो. स्वतःच्याच आवाजाने माणूस मधूनमधून क्षणभर जागा होतोही, पण ती जाग इतकी ओझरती की सकाळी काही म्हणता काही आठवत नाही. म्हणजे आरोपी स्वतःच्या गुन्ह्याच्या वेळी गैरहजर! साक्षीदार एकच, आणि ती बायको. तिची साक्ष कोणत्या घरात ग्राह्य धरतात?

काकूंना हे फार आधी उमगलं. म्हणून त्यांनी भांडण सोडून मुत्सद्देगिरी धरली. नियम एकच: तोडगा घोरण्यावर काढायचा, पण घोरण्याचं नाव घ्यायचं नाही. काकांना कुशीवर वळवायचं होतं. कोपर मारून वळवलेला माणूस पाच मिनिटांत पुन्हा उताणा होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. मग त्या एक दिवस म्हणाल्या, "तुमची अॅसिडिटी वाढलीय. डाव्या कुशीवर झोपत जा, आंबट वर येत नाही." हे खरंही आहे, त्यामुळे काकांना डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वर पाठीला "आधार" म्हणून एक लांब लोड भिंतीसारखा लावून दिला, की उताणं व्हायला जागाच नको. पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातलेला बनियनही त्यांनी तयार केला होता, पण तो काकांनी नातवाला क्रिकेटसाठी दिला. लोड मात्र टिकला. आवाज बंद झाला नाही. खालच्या पट्टीत आला. संसारात एवढं पुष्कळ.

उरलेल्या आवाजासाठी इयरप्लग. आधी काकू कापसाचे बोळे घालत, त्याने काडीचा फरक पडत नाही. मेडिकलच्या दुकानातले स्पंजचे प्लग आणले, तर तेही बाहेर पडायचे, कारण त्या ते बुचासारखे नुसते दाबत. शेवटी भाचीने दाखवलं: प्लग बोटांत वळून बारीक वात करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, वात आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची, म्हणजे ती आतच फुगते. जाडा, खालच्या सुरातला आवाज त्यातूनही थोडा येतो. पण दुधवाल्याची बेलही ऐकू येते, हा फायदाच. काकांना सांगितलं, "कुत्री फार भुंकतात हो रात्री."

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर काका माझ्याशी बोलणार नाहीत. काकू झोपेत फिरतात. रात्री उत्तरेला असलेले पाय पहाटे पूर्वेला असतात आणि वाटेत काकांची पोटरी लागते. पांघरूण तर बाराच्या आत त्यांच्या ताब्यात जातं. काकांनी तक्रार केली की त्या म्हणतात, "मी? मी जिथे झोपते तिथेच उठते!" ते खरंच असतं, कारण साडेपाचपर्यंत त्यांची प्रदक्षिणा पूर्ण झालेली असते.

हा प्रश्न गादीवाल्याने सोडवला. त्यांचा पलंग सहा फुटी, म्हणजे 72 इंच रुंद. वर एकच स्प्रिंगची जुनी गादी. एकमेकींत अडकवलेल्या स्प्रिंगांच्या गादीवर एकाने कूस बदलली की दुसरा हलतो. त्यावर गादीवाल्याने 36 इंचांच्या दोन वेगळ्या काथ्याच्या गाद्या शेजारी शेजारी टाकून दिल्या. आता काकूंची प्रदक्षिणा काकूंच्याच गादीत मुरते. मधल्या फटीत दोन दिवस काकांचा चश्मा, रिमोट आणि एकदा कोपर गेलं. मग तिच्यावर घडी घातलेली गोधडी आडवी पसरली आणि वरून एकच मोठी चादर. पांघरुणं मात्र दोन. "लोक काय म्हणतील?" काकांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "लोक आपल्या पलंगावर येतात कशाला?"

इथवर मुत्सद्देगिरी पुरली. मग एका रात्री काकूंचा प्लग निसटला आणि त्यांना आवाजापेक्षा वेगळंच काहीतरी ऐकू आलं: शांतता. छाती हलतेय, पण श्वास नाही. त्यांनी मनात आकडे मोजले, पंधरापर्यंत गेल्या, आणि काका बुडता माणूस वर यावा तसे हाsss करून घुसमटून उठले आणि परत झोपले. तासाभरात असं कितीदा तरी. मग त्यांना बाकीचंही जुळलं: दुपारी सिग्नलला लागणारी डुलकी, सकाळची डोकेदुखी, आठ तास झोपूनही कुरकुर. हे नुसतं घोरणं नसतं. याला स्लीप अॅप्निया म्हणतात आणि याला लोड-प्लग पुरत नाहीत. यात रक्तातला ऑक्सिजन पुन्हा पुन्हा खाली येतो, रक्तदाब वाढतो.

या वेळी काकूंनी नाव घेतलं. "तुमचा श्वास थांबतो. उद्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं." काका सवयीने म्हणाले, "मी जागाच..." आणि काकूंचा चेहरा पाहून थांबले. घरीच एका रात्रीची तपासणी झाली: नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. तासाला पाचपेक्षा कमी अडथळे चालतात, तीसच्या वर म्हणजे गंभीर, काका 34. पहिल्यांदा त्यांना आपला आकडा कागदावर दिसला, आणि छापील कागदावर त्यांचा विश्वास फार.

आता त्यांना सीपॅप मशीन मिळालंय. नाकावर मास्क, नळीतून हवेचा सौम्य दाब, त्याने घशाची वाट उघडी राहते. पहिला आठवडा ते मास्क झोपेत काढून फेकत. मग आधी टीव्ही बघताना तासभर लावून बसायची सवय केली, तेव्हा जमलं. घोरणं बंद. काका आता लग्नकार्यात जाड मानेच्या पुरुषांना बाजूला घेऊन गंभीरपणे विचारतात, "तुमच्या मिसेसना झोप लागते का हो?" स्वतः घोरत होतो हे अजून कबूल नाहीच, "मला अॅप्निया होता," असं म्हणतात, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की एखादी पदवी आहे.

परवा पहाटे मात्र मशीनची नळी निखळून पडली. काकांच्या मते काकूंचा पाय लागला. आता नळी उशीवरून, पलंगाच्या डोक्याकडून फिरवून घेतलीय. काकूंचं म्हणणं तेच, "मी? मी जिथे झोपते तिथेच उठते." काका सध्या मोबाइल कुठे ठेवला की रेकॉर्डिंग चांगलं येईल, याची माझ्याकडे चौकशी करतायत.